मुलांच्या डोक्यातल्या उवा: औषध लावूनही पुन्हा का होतात, आणि त्या पुरत्या कशा काढायच्या

औषध आणलं, लावलं, डोकं धुतलं. दोन-तीन दिवस बरे गेले आणि पुढच्या आठवड्यात पोरगी पुन्हा डोकं खाजवायला लागली. मग ‘शाळेतून परत आणल्या’ असं म्हणून तीच बाटली पुन्हा आणली जाते. कधी उवा खरोखरच शाळेतून परत येतात. पण बऱ्याचदा त्या डोक्यातून गेलेल्याच नसतात. एकतर औषधाचा दुसरा हात चुकतो किंवा चुकीच्या दिवशी दिला जातो, नाहीतर त्या उवा त्या औषधाला दादच देत नसतात आणि ते कुणी तपासून पाहत नाही. पुढचे सगळे टप्पे या दोन चुका टाळण्यासाठी आहेत. त्यांचा क्रम बदलू नका.

## सुरुवात करण्यापूर्वी: लिखेचं वेळापत्रक

मादी ऊ केसाच्या मुळाशी, डोक्याच्या त्वचेला जवळजवळ टेकून लीख घालते आणि ती केसाला पक्की चिकटवते. त्या लिखेतून साधारण 7 ते 10 दिवसांत पिल्लू बाहेर येतं. पिल्लाची पूर्ण वाढ व्हायला आणखी 9-10 दिवस लागतात, आणि त्यानंतरच ते स्वतः लिखा घालू लागतं.

आज लावलेलं औषध फिरत्या उवांना मारतं, पण लिखेच्या कवचाच्या आत बहुतेक औषधं पुरेशी पोचत नाहीत. म्हणून आठवडाभरात नवी पिल्लं दिसणारच. ती दिसली म्हणजे औषध फुकट गेलं असं नाही. ती मोठी होऊन लिखा घालायच्या आत डोक्यातून गेली पाहिजेत, एवढंच काम आहे. हा कालावधी एकदा लक्षात आला की दुसरा हात कधी द्यायचा आणि फणी किती दिवसांनी फिरवायची, हे पाठ करावं लागत नाही.

## टप्पा 1: उवा आहेत हे आधी नक्की करा

खाज हा पुरावा नव्हे. पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाला चार ते सहा आठवडे खाज येत नाही, आणि उवा गेल्यावरही एक-दोन आठवडे खाज राहू शकते. नुसत्या पांढऱ्या लिखा दिसणं हाही पुरावा नव्हे, कारण रिकामी कवचं केसाला महिनोन्‌महिने चिकटून असतात. जिवंत, हलणारी ऊ सापडली तरच उपचार करायचा.

ऊ उजेडापासून पळते. त्यामुळे कोरड्या केसांत भांग पाडून पाहिलं तर ती सहज निसटते. केस ओले करून भरपूर कंडिशनर लावला की तिचं पळणं थांबतं. तपासणीची खात्रीची पद्धत हीच.

लागणारं सामान: बारीक दातांची फणी, गुंता सोडवायला रुंद दातांचा कंगवा, साधा पांढरा कंडिशनर, पांढरा टिश्यू किंवा कापड, केसांच्या क्लिपा, चांगला उजेड आणि वाटलं तर भिंग. यात जपून निवडायची गोष्ट फणी आहे. तिच्या दातांमधली फट 0.2 ते 0.3 मिलिमीटरच हवी. धातूचे लांब दात असलेली फणी उत्तम, कारण स्वस्त प्लास्टिकचे दात दाट केसांत फाकतात आणि पिल्लं त्या फटीतून सुटतात. विकत घेताना फणी उजेडासमोर धरून पाहा. सगळ्या फटी सारख्या दिसल्या पाहिजेत. एक जरी दात वाकलेला असेल तर ती नको.

फणी फिरवण्याची पद्धत:

1. केस साध्या शांपूने धुवा. पाणी निथळू द्या, पण केस ओलेच ठेवा. कंडिशनर मुळापासून टोकापर्यंत सढळ हाताने लावा. केस बुळबुळीत झाले नाहीत तर फणी अडकेल, मूल रडेल आणि काम अर्धवट राहील.
2. आधी रुंद कंगव्याने सगळा गुंता सोडवा. ही पायरी गाळली की फणी वरच्यावर फिरते.
3. केसांचे चार भाग करून तीन क्लिपांनी बांधा. मोकळ्या ठेवलेल्या भागातून फणीच्या रुंदीपेक्षा मोठी नसलेली एक बट घ्या.
4. फणीचे दात त्वचेला हलके टेकवा आणि तिथून थेट केसांच्या टोकापर्यंत एका दमात ओढा. फणी त्वचेपासून बोटभर वर ठेवून सुरुवात करणं ही सर्रास होणारी चूक आहे, कारण उवा आणि ताज्या लिखा असतात त्या नेमक्या त्या बोटभर जागेत.
5. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या टिश्यूवर पुसा आणि काय निघालं ते पाहा. मग तीच बट दुसऱ्या बाजूने विंचरा.
6. कानामागचा भाग आणि मानेवरची केसांची कड यांना जास्त वेळ द्या.
7. सगळं डोकं झालं की कंडिशनर धुऊन टाका आणि ओल्या केसांतून आणखी एकदा फणी फिरवा.

आखूड केसांना दहा मिनिटं पुरतात. लांब, दाट केसांना अर्धा तास लागतो. मूल कंटाळलं तर अर्धं डोकं घाईने उरकण्यापेक्षा मध्ये थांबा आणि दहा मिनिटांनी तिथूनच पुढे चालू करा.

टिश्यूवर काय पाहायचं: पूर्ण वाढलेली ऊ साधारण तिळाएवढी, 2 ते 3 मिलिमीटरची, करडी किंवा तपकिरी असते. नुकतं निघालेलं पिल्लू जेमतेम 1 मिलिमीटरचं आणि फिकट असतं. ते कंडिशनरमध्ये चटकन दिसत नाही, म्हणून टिश्यू उजेडात नीट निरखा. मोठ्या किती आणि लहान किती, हे दर वेळी तारखेसकट लिहून ठेवा. हा आकडा पुढे फार कामाला येतो.

तपासा: केसावरचा पांढरा ठिपका दोन बोटांत धरून सरकवून पाहा. सहज सरकला तर तो कोंडा किंवा त्वचेचा पापुद्रा. लीख केसाच्या एका बाजूला तिरकी चिकटलेली असते आणि नख लावल्याशिवाय हलत नाही.

## टप्पा 2: घरातली सगळी डोकी एकाच दिवशी

उवा उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. डोक्याला डोकं लागलं की त्या चालत जातात. शेजारी झोपणारं भावंड, मांडीवर घेणारी आजी, वेणी घालणारी आई ही सगळी डोकी तपासायला हवीत, आणि तीही ओल्या केसांत फणी फिरवून. मोठी माणसं ‘मला नाहीत गं’ म्हणून सुटका करून घेतात. तिथे भीड बाळगू नका.

ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ सापडेल त्या सगळ्यांना औषध एकाच दिवशी लावायचं. ज्यांना सापडली नाही त्यांना ‘असू दे, खबरदारी म्हणून’ औषध लावू नका. त्यांचं डोकं चार-पाच दिवसांनी पुन्हा तपासा.

## टप्पा 3: औषध निवडताना बाटलीच्या मागे वाचा

पुढच्या बाजूला काहीही लिहिलेलं असलं तरी मागच्या बाजूला घटकद्रव्य आणि त्याचं प्रमाण असतं. निवड त्यावरून करायची.

परमेथ्रिन 1%. हे उवांच्या मज्जासंस्थेवर काम करतं. दोन महिन्यांपुढच्या बाळांना चालतं, लावायला सोपं आहे आणि दहा मिनिटांत धुता येतं. अडचण अशी की जगात बऱ्याच ठिकाणी उवा या औषधाला सरावल्या आहेत. ज्या घरात हे आधी नीट लावूनही उपयोग झाला नव्हता, तिथे ते पुन्हा आणण्यात अर्थ नाही. आणखी एक घोटाळा नेहमी होतो. परमेथ्रिनचं 5% क्रीमही मिळतं, पण ते खरजेसाठी असतं. ‘जास्त कडक’ म्हणून ते डोक्याला लावू नका.

डायमेथिकोन, बहुधा 4%. हा सिलिकोनचा प्रकार आहे. तो विष म्हणून काम करत नाही, उवेला बाहेरून लपेटून टाकतो आणि त्यात तिचा जीव जातो. त्यामुळे परमेथ्रिनला सरावलेल्या उवाही याने मरतात. मला विचाराल तर मिळत असेल तिथे पहिली पसंती याला द्यावी. काही उत्पादनं आठ तास किंवा रात्रभर ठेवायची असतात, काही पंधरा मिनिटांत धुवायची असतात. वेळ आणि वयाची अट त्या बाटलीवर असेल तीच पाळा.

आयव्हरमेक्टिन. 0.5% लोशन सहा महिन्यांपुढच्या मुलांना कोरड्या केसांवर दहा मिनिटं लावतात. याच्या गोळ्याही असतात. त्यांचा डोस वजनावर ठरतो आणि 15 किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांना त्या देत नाहीत. या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणालाही देऊ नका.

औषधाशिवाय, नुसती फणी. बाळ फार लहान असेल, आई गरोदर असेल किंवा औषध नको असेल तर हा मार्ग आहे. मात्र यात एकही वार चुकवून चालत नाही आणि हात नेटका लागतो. आखूड केसांवर हे जमतं. कमरेपर्यंतच्या दाट, कुरळ्या केसांवर नुसत्या फणीच्या भरवशावर राहू नये.

तेलाबद्दल हमखास विचारतात. तेल चोपडलं की उवा मंदावतात आणि फणीत सापडतात, त्यामुळे कंडिशनर नसेल तर तेल चालेल. पण ऊ तासन्‌तास श्वास रोखून राहू शकते. साध्या तेलाने ती मेली असं धरून चालू नका, आणि लिखांवर तर त्याचा परिणाम होत नाही. व्हिनेगरने लिखांचा चिकटा विरघळतो, यावरही विसंबू नका.

सावधान: रॉकेल, पेट्रोल, ढेकणा-झुरळांचं किंवा शेतीचं औषध डोक्याला कधीही लावू नका. त्वचा भाजते, पोटात किंवा श्वासावाटे गेलं तर जिवावर बेततं, आणि रॉकेल-पेट्रोल पेट घेतं. कापूर मिसळलेली घरगुती तेलंही नकोत. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. लिंडेन असलेलं जुनं औषध कपाटात सापडलं तर तेही वापरू नका. ते मेंदू आणि मज्जातंतूंना घातक ठरू शकतं.

## टप्पा 4: औषध लावणं

इथे तीन गोष्टी बिघडतात: केसांची स्थिती, औषधाची मात्रा आणि वेळ.

केसांची स्थिती औषधाप्रमाणे बदलते. परमेथ्रिन 1% साठी केस साध्या शांपूने धुऊन टॉवेलने टिपून घ्यायचे, म्हणजे ते दमट राहतात. त्याआधी कंडिशनर लावायचा नाही आणि कंडिशनर मिसळलेला शांपूही नको. त्याचा थर बसला की औषध केसाला नीट लागत नाही. टप्पा 1 मध्ये तपासणीसाठी कंडिशनर वापरला असेल तर तो साध्या शांपूने पूर्ण काढा, मगच परमेथ्रिन लावा. डायमेथिकोन आणि आयव्हरमेक्टिन लोशन यांना मात्र कोरडे केस लागतात. ओल्या केसांवर ते पातळ होतं.

मात्रेचं म्हणाल तर लांब केसांच्या दोन मुलींत एक बाटली पुरवण्याचा मोह आवरा. मुळांपासून टोकांपर्यंत प्रत्येक केस भिजला पाहिजे. कानामागून आणि मानेपासून सुरुवात करा, बटा उचलून आतल्या त्वचेला औषध लावा आणि मग लांबीवर उतरा. दाट केस कमरेपर्यंत असतील तर एका डोक्याला दोन बाटल्याही लागू शकतात. आणायला जातानाच तो हिशेब करा, कारण अर्ध्या वाटेत औषध संपलं तर उरलेलं डोकं कोरडंच राहतं.

वेळ घड्याळ लावून मोजा. दहा मिनिटं म्हणजे दहाच मिनिटं. परमेथ्रिन रात्रभर ठेवून जास्त गुण येत नाही. डोळ्यांवर घडी केलेला टॉवेल धरायला मुलाच्या हातात द्या. औषध नहाणीघरात डोकं मागे करून धुवा, अंगावरून ओघळू देऊ नका. परमेथ्रिननंतर एक-दोन दिवस केस पुन्हा धुऊ नका, कंडिशनरही लावू नका.

सावधान: रात्रभर ठेवायच्या औषधावर प्लास्टिकची टोपी किंवा पिशवी घालून मुलाला झोपवू नका. गुदमरण्याचा धोका असतो. डायमेथिकोनची काही उत्पादनं पेट घेतात. केस धुऊन होईपर्यंत गॅस, मेणबत्ती, सिगारेट आणि हेअर ड्रायर लांब ठेवा.

## टप्पा 5: दुसऱ्या दिवशीची तपासणी, जी जवळजवळ कुणीच करत नाही

औषध लावल्यावर 8 ते 12 तासांनी फणी फिरवा. परमेथ्रिन लावलं असेल तर कोरड्या केसांतूनच, कारण केस अजून धुवायचे नाहीत. रात्रभराचं डायमेथिकोन असेल तर सकाळी डोकं धुतल्यावर ओल्या केसांतून. टिश्यूवर काय निघालं त्यावरून पुढचं ठरतं.

- निघालेल्या सगळ्या उवा मेलेल्या: औषध लागू पडलं. फणीचं वेळापत्रक सुरू करा.
- काही जिवंत, पण सुस्त: औषध हळू काम करतंय. लगेच दुसरा हात देऊ नका. त्या फणीने काढून टाका.
- आधीसारख्याच चपळ, पळणाऱ्या: औषध कमी पडलं किंवा उवा त्याला दाद देत नाहीत. तेच औषध लगेच पुन्हा लावू नका. वेगळ्या घटकद्रव्याकडे वळा.

## टप्पा 6: फणीचं वेळापत्रक आणि दुसरा हात

औषध लावलेलं असलं तरी पुढचे दोन-तीन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी फणी फिरवायची. दुसरा हात द्यायचा तो लिखेतून पिल्लं निघाल्यावर, पण ती लिखा घालू लागायच्या आत. परमेथ्रिनसाठी 9 दिवसांनी हा मुहूर्त चांगला. म्हणजे रविवारी लावलं तर पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी. डायमेथिकोनच्या बाटलीवर बहुधा 7 दिवस लिहिलेलं असतं, ते पाळा. आयव्हरमेक्टिन लोशन काही ठिकाणी एकदाच लावायला सांगतात. तिथे बाटली आणि डॉक्टर म्हणतील तसं करा. दुसरा हात तिसऱ्याच दिवशी दिला तर नंतर निघणारी पिल्लं सुटतात. पंधरवड्याने दिला तर त्यातली काही मोठी व्हायला आलेली असतात.

नुसत्या फणीचा मार्ग घेतला असेल तर दिवस ठरलेले आहेत: 1, 5, 9 आणि 13. रविवारी सुरू केलं तर त्यानंतर गुरुवार, सोमवार, शुक्रवार. प्रत्येक खेपेला कंडिशनर लावून सगळं डोकं दोनदा विंचरायचं. चार दिवसांचं अंतर अशासाठी की लिखेतून निघालेलं पिल्लू तेवढ्या वेळात मोठं होत नाही आणि सहसा दुसऱ्या डोक्यावरही जात नाही. 17 व्या दिवशी शेवटची तपासणी.

तपासा: टिश्यूवरच्या उवांचा आकार तुम्हाला कारण सांगतो. नुसती बारीक पिल्लं निघत असतील तर ती उरलेल्या लिखांमधली आहेत आणि सगळं अपेक्षेप्रमाणे चाललं आहे. एक-दोनदा डोकं साफ निघाल्यानंतर अचानक मोठी ऊ सापडली तर ती बाहेरून आली आहे.

## एक उदाहरण, तारखांसकट

समजा, घरात आठ वर्षांची मुलगी आहे, केस कमरेपर्यंत. तिचा पाच वर्षांचा भाऊ आहे, केस आखूड. आई-बाबा आहेत, आणि मुलगी आजीजवळ झोपते.

रविवारी संध्याकाळी ओल्या केसांत फणी फिरवली. मुलीच्या डोक्यातून 9 मोठ्या उवा आणि काही पिल्लं निघाली, भावाच्या डोक्यातून एक मोठी. आई-बाबांची डोकी फणीने पाहिली, साफ होती. आजीच्या केसांत नुसता भांग पाडून पाहिलं, काही दिसलं नाही. दोन्ही मुलांना परमेथ्रिन 1% लावलं, एकाच बाटलीतून.

सोमवारी सकाळी भावाच्या डोक्यातून काहीच निघालं नाही. मुलीच्या डोक्यातून 4 उवा निघाल्या आणि त्या टिश्यूवर पळत होत्या. औषध बोथट होतं की बाटली कमी पडली, हे आता सांगता येत नाही. पण तसं ठरवत बसायची गरजही नाही. दोन्ही कारणांवर उपाय एकच: वेगळ्या प्रकारचं औषध, पुरेशा मात्रेत. सोमवारी संध्याकाळी दोघांचे केस धुऊन पूर्ण वाळवले आणि रात्रभरासाठी डायमेथिकोन लावलं. मुलीला दोन बाटल्या लागल्या.

मंगळवारी सकाळी डोकी धुऊन फणी फिरवली. निघालं ते सगळं मेलेलं. शुक्रवारी मुलीच्या डोक्यातून तीन बारीक पिल्लं निघाली, मोठी एकही नाही. इथे बरेच जण घाबरतात आणि तिसरं औषध आणतात. त्याची गरज नव्हती, ही पिल्लं येणारच होती. पुढच्या सोमवारी, म्हणजे बरोबर सात दिवसांनी, दोघांना डायमेथिकोनचा दुसरा हात दिला. मंगळवारी दोन मेलेली पिल्लं निघाली. शनिवारी दोन्ही डोकी साफ.

त्यानंतरच्या बुधवारी मुलीच्या केसांतून एक पूर्ण वाढलेली ऊ निघाली. शनिवारपासून बुधवारपर्यंत चारच दिवस झाले, एवढ्यात पिल्लू इतकं मोठं होत नाही. म्हणजे ही पाहुणी. आईने आता आजीचे केस ओले करून, कंडिशनर लावून विंचरले, आणि तिथे सहा सापडल्या. पहिल्या रविवारी नुसता भांग पाहून जे सुटलं होतं, ते हेच. आजीला डायमेथिकोनचे दोन्ही हात दिले. आलेल्या उवेने लिखा घातल्या असतील म्हणून मुलीच्या फणीची मोजणी त्या बुधवारपासून पुन्हा 1, 5, 9, 13 अशी सुरू केली. तिला पुन्हा औषध लावलं नाही. फणीत आणखी जिवंत उवा निघत राहिल्या असत्या तर लावावं लागलं असतं.

## टप्पा 7: चिकटलेल्या लिखा

सगळ्या लिखा निघाल्याशिवाय उवा गेल्या नाहीत, असं नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. लीख मुळाशीच घातली जाते, म्हणून त्वचेपासून सेंटिमीटरभर लांब गेलेली लीख जवळजवळ नेहमी रिकामी किंवा मेलेली असते. उष्ण, दमट हवेत एखादी जिवंत लीख यापेक्षा लांबही सापडू शकते. त्यामुळे मोजपट्टी घेऊन बसू नका. जिवंत ऊ निघते की नाही, हीच कसोटी ठेवा.

तरी त्वचेलगतच्या लिखा काढल्याने पुढची पिल्लं कमी होतात, आणि पांढरे ठिपके दिसत राहिले तर वर्गात मूल चिडवलं जातं. केस कंडिशनरने ओले असताना एका वेळी थोडेच केस धरा आणि लिखेला अंगठा व तर्जनीच्या नखांत पकडून टोकाकडे ओढा. निघतच नसेल तर तो एकटा केस छोट्या कात्रीने कापून टाका. डोकं भादरायची गरज नाही. ते मुलाला लाजवणारं आहे आणि फणीने तेच काम होतं.

## घर आणि शाळा

यावर फार वेळ घालवू नका. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. मागच्या दोन दिवसांत वापरलेले उशांचे अभ्रे, टॉवेल, टोप्या, स्कार्फ 60 अंशांच्या पाण्यात धुवा. फणी आणि कंगवे तितक्याच गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून दोन आठवडे बाजूला ठेवा. गाद्यांवर आणि सोफ्यावर कीटकनाशक फवारू नका. त्याचा उपयोग नाही आणि ते मुलांच्या श्वासात जातं.

मुलाला घरी बसवायचीही गरज नाही. उवा सापडल्या तेव्हा त्या बहुधा महिनाभर डोक्यात होत्याच. केस घट्ट बांधून पाठवा. बाईंना आणि शेजारी बसणाऱ्या दोन-तीन मैत्रिणींच्या आयांना मात्र त्याच दिवशी सांगा. एकाच आठवड्यात सगळ्यांनी फणी फिरवली तर उवा एकमेकींकडे फिरत राहत नाहीत.

## डॉक्टरांकडे केव्हा

खाजवून जखमा झाल्या, त्यातून पू किंवा चिकट पाणी येऊ लागलं, कानामागे किंवा मानेत गाठी आल्या, ताप आला, तर आधी डॉक्टर आणि मग उवांचं औषध. पापण्यांवर उवा किंवा लिखा दिसल्या तर डोक्याचं औषध तिथे लावू नका, दाखवून घ्या. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल, त्याला दमा असेल, डोक्याची त्वचा फुटलेली असेल किंवा आई गरोदर असेल अथवा अंगावर पाजत असेल, तर औषध निवडण्याआधी विचारा.

दोन वेगवेगळ्या प्रकारची औषधं, पुरेशी मात्रा, बरोबर वेळ आणि दुसरा हात, एवढं सगळं नीट करूनही टिश्यूवर चपळ उवा निघत असतील तर आयव्हरमेक्टिनचा विचार डॉक्टर करतात. जाताना दोन्ही बाटल्या सोबत न्या. लावल्याच्या तारखा आणि किती वेळ ठेवलं ते लिहून न्या, आणि शेवटच्या फणीत निघालेल्या दोन-चार उवा पारदर्शक चिकटपट्टीत चिकटवून न्या.